१८४८ च्या दुकानाच्या वहीचे फोटो, मराठी भाषांतर अडलंय (संक्षेप, वजनं-मापं, खोडाखोड)

मंजिरी_द

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. एका ओळखीच्या काकांनी मला सहा फोटो पाठवलेत, इंग्लंडमधल्या एका दुकानाच्या हाताने लिहिलेल्या वहीचे. दोर, खिळे, कॅनव्हास, अवजारं असलं सगळं विकणारं दुकान. काका जुन्या व्यापारी हिशेबांवर मराठीत लिहितायत म्हणून त्यांना ही पानं जशीच्या तशी मराठीत हवीत. मी एरवी करारमदार, पत्रं असं करते, म्हणून हो म्हटलं आणि आता फसलेय.

एक चूक तर होऊन बसलीच. दोराच्या ओळीत १–२–१४ असं लिहिलंय, मी ती तारीख धरली आणि १ फेब्रुवारी १९१४ असं टाइप करून पहिलं पान पाठवूनही दिलं. काकांचा लगेच फोन, अगं वहीच्या पुठ्ठ्यावर १८४८ लिहिलंय, ही तारीख कुठून आली? खूप वाईट वाटलं, कारण पुठ्ठ्याचा फोटो माझ्याकडेच होता, मी पाहिलाच नव्हता.

आता चौथ्या फोटोतलं पान बघा, मला जसं दिसतंय तसं लिहिते, डोक्यावर जेएनओ असं काहीतरी नाव आहे.

दोर १–२–१४, मग ५६ आणि तिरकी रेघ, शेवटी ४–११–०
डीओ ०–३–७, परत ५६, शेवटी २–५–६
६ एलबी खिळे १०डी, ३½, शेवटी १/९
कॅनव्हास ४ वायडीएस ३ क्यूआरएस २ एनएलएस, ८डी, शेवटी ३/३
½ जीआरओ ब्राप्स स्क्रू, ४डी, शेवटी २/–
१ लाल फावडं ३/६, ही ओळ खोडलीय

खाली ७–७–० लिहून खोडलंय आणि त्याखाली ७–३–६. आणि सगळ्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भलीमोठी फुली आहे. मग पूर्ण पानच रद्द समजायचं का? तसं असेल तर भाषांतर तरी कशाला करायचं? जीआरओ म्हणजे ग्रोसरी का? आणि स्क्रूची ओळही खोडल्यासारखी वाटतेय पण नीट दिसत नाही.

---

राजू_बी

फोटो नीट नाही आलाय हाच प्रॉब्लेम आहे. चांगलं स्कॅनिंगचं ॲप घ्या, कडा आपोआप कापतं, कॉन्ट्रास्ट वाढवतं, एकदम ठळक काळंपांढरं करून देतं. मी माझी सगळी बिलं तशीच ठेवतो.

---

मंजिरी_द

राजू, वाचता येत नाही असं नाहीये रे, अक्षर बऱ्यापैकी दिसतंय. दिसतंय ते काय आहे हे कळत नाहीये.

---

वहीतला_किडा

मंजिरीताई, आधी एक सांगतो, ते ठळक काळंपांढरं अजिबात करू नका. शाईचे दोन रंग असतील तर ते त्यात एकच होऊन जातात, आणि खोडाखोडीच्या बाबतीत शाईचा रंगच तर कामाचा असतो. त्यावर नंतर येतो.

पहिली गोष्ट, उजव्या टोकाचे आकडे. ४–११–० म्हणजे ४ पौंड ११ शिलिंग ० पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान येईपर्यंत तिकडे हेच चालायचं. तिरकी रेघ असलेलं १/९ म्हणजे १ शिलिंग ९ पेन्स, आणि २/– म्हणजे पूर्ण २ शिलिंग, वर पेन्स नाहीत. या पानावर तारखेसारखं दिसणारं जे काही आहे ना, ते सगळं वजन नाहीतर पैसे आहे.

दोराचे तीन आकडे म्हणजे हंड्रेडवेट, क्वार्टर आणि रत्तल. वर कुठेतरी, बहुतेक वहीच्या पहिल्या पानावर, त्या रकान्यांच्या डोक्यावर सीडब्ल्यूटी, क्यूआर, एलबी लिहिलेलं असेल. पुढच्या पानांवर लिहायचा कंटाळा करतात.

---

मंजिरी_द

आहे!! दुसऱ्या फोटोत आहे, अगदी बारीक, मला ते कुणाचं तरी नाव वाटलं होतं.

---

सुहास_पु

हंड्रेडवेट म्हणजे नावातच शंभर आलं, १०० रत्तल. त्याचा पाव म्हणजे २५. तर १–२–१४ म्हणजे १०० + ५० + १४ = १६४ रत्तल दोर. सोपं आहे, एकदा कळलं की पटापट होतं.

आणि खोडलेलं भाषांतरात घ्यायचं नसतं, लिहिणाऱ्यानेच चूक म्हणून खोडलंय तर आपण कशाला उकरून काढा.

---

वहीतला_किडा

सुहासराव, १०० चा हंड्रेडवेट असतो हे खरंय पण तो अमेरिकेतला. इंग्लंडातला ११२ रत्तलांचा, आणि क्वार्टर २८ चा. पण माझ्या म्हणण्यावर जाऊच नका, वही स्वतःच सांगते. भाव ५६ शिलिंग, तो एका हंड्रेडवेटचा. करून बघू.

११२ ने: १ हंड्रेडवेटचे ५६ शिलिंग. २ क्वार्टर म्हणजे अर्धा, त्याचे २८. १४ रत्तल म्हणजे ११२ चा आठवा भाग, त्याचे ७. झाले ९१ शिलिंग. ९१ म्हणजे ४ पौंड ११ शिलिंग, आणि पेन्स शून्य. वहीत ४–११–०. तंतोतंत.

१०० ने: १६४ रत्तल, ५६ शिलिंग शेकडा, म्हणजे ९१.८४ शिलिंग. म्हणजे ४ पौंड ११ शिलिंग आणि १० पेन्स. वहीत शेवटी शून्य आहे. दुकानदार १० पेन्स असे सोडून देत नाही.

आता दुसरी ओळ. डीओ म्हणजे डिटो, वरचंच, म्हणजे परत दोर. ०–३–७. तीन क्वार्टरचे ४२ शिलिंग, ७ रत्तलांचे साडेतीन, झाले साडेपंचेचाळीस शिलिंग, म्हणजे २ पौंड ५ शिलिंग ६ पेन्स. वहीत २–५–६. दोन ओळी जुळल्या की माप पक्कं झालं. एका ओळीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, एखादी ओळ योगायोगानेही जुळते.

माझी पद्धत ही अशी आहे. कुठलंही अनोळखी माप आलं की आधी पुस्तक उघडत नाही. माल, भाव आणि रक्कम तिन्ही ज्या ओळीत स्पष्ट आहेत ती ओळ शोधतो आणि गुणाकार करतो. कारण एकाच नावाचं माप गावागावाला वेगळं असू शकतं, पण त्या माणसाने त्या दिवशी ज्या मापाने पैसे घेतले ते माप त्याच्या गुणाकारात अडकलेलं असतं.

---

सुहास_पु

मान्य. मी ज्या कागदांवर काम केलं ते अमेरिकेतले होते, तिथे शंभरच होता म्हणून तसं बोललो. मग क्वार्टर २८ रत्तल. म्हणजे कॅनव्हासच्या ओळीतले ३ क्यूआर म्हणजे ८४ रत्तल कॅनव्हास? हे फार होतंय.

---

शिवणवाली_ज्योती

अहो नाही नाही, कापडाचा क्वार्टर वेगळा! वाराचा पाव भाग, ९ इंच. वायडीएस म्हणजे वार, त्याच्या मागोमाग आलाय ना तो. म्हणजे ४ वार, त्यावर पाऊण वार. हे मी शिवणकामाच्या जुन्या पुस्तकात वाचलंय, त्यात सगळी मापं अशीच असायची. एनएलएस मात्र मला आठवत नाही, नेल्स? कॅनव्हासबरोबर खिळे दिले असतील का, ठोकायला?

---

मंजिरी_द

मी तेच केलं होतं, ‘कॅनव्हास आणि २ खिळे’ 😟 वरच्या ओळीत खिळे आहेतच म्हणून मला संशयही आला नाही.

---

वहीतला_किडा

ज्योतीताई, क्वार्टर अगदी बरोबर. नेल हे पण कापडाचंच माप आहे. वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. चार नेलचा एक क्वार्टर. गंमत अशी की वरच्या ओळीत खिळे म्हणून नेल आहे आणि खालच्या ओळीत माप म्हणून नेल, शब्द एकच, त्यामुळे मंजिरीताईंचा गोंधळ होणं साहजिक आहे.

इथेही गुणाकार. भाव वाराला ८ पेन्स. ४ वारांचे ३२. पाऊण वाराचे ६. आता एक नेल म्हणजे ८ चा सोळावा भाग, अर्धा पेनी, दोन नेलची एक पेनी. ३२ + ६ + १ = ३९ पेन्स = ३ शिलिंग ३ पेन्स. वहीत ३/३. खिळे धरले असते तर ती शेवटची एक पेनी दोन खिळ्यांची झाली असती, आणि वरच्याच ओळीत तो माणूस खिळे रतलावर विकतोय.

---

निनाद_क

मग खिळ्यांच्या ओळीत १०डी म्हणजे १० पेन्स ना? ६ रत्तल, १० पेन्स भावाने ६० पेन्स, म्हणजे ५ शिलिंग व्हायला हवेत. वहीत १/९ आहे. इथे तुमची पद्धत चालत नाहीये. की डी म्हणजे डझन? दहा डझन खिळे?

---

वहीतला_किडा

निनाद, चांगलं पकडलंत. भाव तो नाहीच, भाव पुढचा ३½ आहे. ६ गुणिले साडेतीन, २१ पेन्स, म्हणजे १ शिलिंग ९ पेन्स. १/९.

१०डी हा खिळ्याचा नंबर आहे. खिळ्यांना पेनीचे नंबर असतात, मुळात तो शंभर खिळ्यांचा भाव होता असं सांगतात, पुढे भाव बदलत गेले आणि नंबर तेवढे आकाराचं नाव म्हणून राहिले. दहा पेनीचा खिळा साधारण तीन इंचाचा. अमेरिकेत अजूनही खिळे याच नंबरांनी मागतात. म्हणून मराठीत ‘१० पेन्सचे खिळे’ लिहिलं तर वाचणारा फसणार. ‘दहा-पेनी नंबराचे खिळे’ असं काहीतरी करा.

आणि याच पानावर तिसरा डी पण आहे. मंजिरीताई, ते लाल फावडं जरा मोठं करून बघा. ‘रेड’ मधला डी ओळीच्या वर चढलेला, बारीक आहे का? आणि आर-ई नंतर काही आहे का?

---

मंजिरी_द

थांबा बघते.

हो. आर, ई, मग टी आहे, मी त्याला काहीच धरलं नव्हतं, आडवी दांडी खोडलेल्या रेघेतच मिसळलीय. आणि डी वर आहे, त्याच्या खाली एक टिंब. आणि तो शब्द फावड्याच्या आधी नाहीये, वरच्या बाजूला नंतर घातल्यासारखा आहे.

---

वहीतला_किडा

मग ते ‘रिटर्न्ड’. माल परत आला. हाताने लिहिताना मधली अक्षरं गाळून शेवटचं अक्षर वर चढवायची रीत होती. जेएनओ पण असंच, ते जॉन. विल्यमचं डब्ल्यूएम करतात, थॉमसचं टीएचओएस. अक्षर वर चढलेलं दिसलं की समजायचं मध्ये काहीतरी गाळलंय.

ब्राप्स पण वाचायची चूक आहे, ते ब्रास, पितळी. दोन एस जोडीने आले की पहिला लांब, खाली लोंबणारा काढायचे, तो पी किंवा एफ सारखा दिसतो. १८४८ मध्ये छापील पुस्तकातून तो गेला होता पण हातात बसलेला होता. आणि जीआरओ म्हणजे ग्रोस, बारा डझन. अर्धा ग्रोस म्हणजे ६ डझन, डझनाला ४ पेन्स, २४ पेन्स, २/–. जुळलं.

---

प्राजक्ता८४

हे फारच भारी चाललंय पण माझा एक प्रश्न मध्येच घुसवते, सॉरी. माझ्याकडे एका कंपनीचं दरपत्रक आलंय भाषांतराला, त्यात छापील भाव हाताने खोडून वर नवीन, तो पण खोडून बाजूला आणखी एक. ऑफिसातले म्हणतात शेवटचा तेवढा घ्या. मला ते पटत नाहीये पण कारण नीट सांगता येत नाहीये.

---

वहीतला_किडा

प्राजक्ता, ते पत्रक कशासाठी हवंय त्यावर आहे. कुणाला आज खरेदी करायची असेल तर शेवटचा भाव पुरे. पण भांडण असेल, कोर्टात लागणार असेल, तर तिन्ही भाव आणि त्यांचा क्रम द्यावा लागतो, कारण कुठल्या ऑर्डरला कुठला भाव लागू होता हाच वाद असतो. आणि ‘शेवटचा’ म्हणजे सगळ्यात वरचा किंवा बाजूचा असं धरू नका. जागा जिथे मिळेल तिथे माणूस लिहितो. जिच्यावर रेघ नाही तो चालू भाव, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आता खोडाखोडीवर येतो, कारण सुहासराव म्हणाले की खोडलेलं सोडून द्या. या पानावर ते सोडलं तर पानाची गोष्टच जाते.

पाच ओळींची बेरीज करा. ४–११–० आणि २–५–६ मिळून ६–१६–६. त्यात १/९ घातले की ६–१८–३. मग ३/३, झाले ७–१–६. मग २/–, झाले ७–३–६. हा खालचा, न खोडलेला आकडा. आता त्यात फावड्याचे ३/६ घाला. ७–७–०. हा वरचा, खोडलेला आकडा.

म्हणजे जॉनने फावडं नेलं, वहीत लिहिलं गेलं, बेरीजही झाली, ७–७–०. त्यानंतर कधीतरी फावडं परत आलं. दुकानदाराने ओळीवर रेघ मारली, वर ‘परत’ लिहिलं, जुनी बेरीज खोडली आणि नवी केली. लिहितानाची चूक असती तर ती बेरजेच्या आधीच खोडली गेली असती आणि ७–७–० हा आकडा पानावर आलाच नसता.

---

सुहास_पु

हे पटलं. खोडलेल्या बेरजेतून क्रम काढायचा हे मला सुचलं नसतं.

---

मंजिरी_द

अंगावर काटा आला खरंच. मी ती ओळ गाळणार होते.

मग मोठी फुली? आणि स्क्रूची ओळ?

---

वहीतला_किडा

स्क्रूच्या ओळीचं उत्तर बेरजेत आलंच आहे. ती खोडलेली असती तर बेरीज ७–१–६ आली असती, ७–३–६ नाही. २/– त्यात धरलेत, म्हणजे ओळ चालू आहे. मग ती रेघ कुठून आली? मला वाटतं मागच्या पानाची शाई पाझरलीय. पाचवा फोटो मागच्या पानाचा आहे का? असेल तर तो फोनमध्येच आडवा उलटा करा, आरशात दिसतो तसा, आणि चौथ्याच्या शेजारी ठेवा.

---

मंजिरी_द

केलं. मागच्या पानावर एक ओळ खोडलीय आणि उलटं केल्यावर ती बरोबर स्क्रूच्या ओळीवर येते. आणि आता बघितलं तर स्क्रूवरची रेघ फिकी आहे, अक्षरांच्या खालून गेल्यासारखी, फावड्यावरची रेघ मात्र अक्षरांच्या वरून गेलीय. कितीतरी वेळा बघूनही हे दिसलं नव्हतं.

---

वहीतला_किडा

छान. आता मोठी फुली. ती कुठल्या शाईने आहे? ओळींच्या शाईसारखीच का?

---

मंजिरी_द

ओळी तपकिरी आहेत, फुली जरा काळपट. फुलीच्या शेवटी, खालच्या कोपऱ्यात एक शब्द आहे, एस-ई-टी-टी आणि वर चढलेला डी. आता मलाच वाचता आला, सेटल्ड ना?

---

वहीतला_किडा

हो. खातं चुकतं झालं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दौतीतून, म्हणून शाई वेगळी. ही फुली रद्द केल्याची नाही, पैसे आल्याची आहे, उधारीच्या वह्यांत जिथे तिथे दिसते. उलट ज्या पानावर अशी फुली नाही त्या पानाकडे संशयाने बघा, तिथे पैसे बुडालेले असू शकतात, किंवा खातं पुढच्या पानावर ओढलेलं असू शकतं. आणि कुठेकुठे ओळीच्या डावीकडे बारीक तिरकी रेघ असते, ती ओळ दुसऱ्या वहीत उतरवून घेतल्याची खूण. तीही खोडलेली नाही.

म्हणून भाषांतरात सरसकट ‘खोडलेले’ असं लिहू नका, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि वर्डमधली खोडरेघ वापरू नका असं माझं मत आहे. काका तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवतील आणि रेघा गळून पडतील, मग फावडं विकलेलं राहील. चौकोनी कंसात शब्दांनीच लिहा.

---

निनाद_क

एक शंका. रत्तल हा शब्द आज किती जणांना कळतो? माझ्या बरोबरीच्या कुणालाच नाही. पौंड लिहा ना सरळ, वजनाचा पौंड सगळ्यांना माहितेय.

---

वहीतला_किडा

पण त्याच ओळीत पैशाचा पौंडही आहे. ‘१४ पौंड दोर, ४ पौंड ११ शिलिंग’. इंग्रजीत दोन्हीची चिन्हं वेगळी आहेत म्हणून भागतं, मराठीत दोन्ही पौंडच. आपल्याकडे वजनाला रत्तल हा शब्द तयार आहे तर तो का टाकायचा?

---

निनाद_क

कारण वाचणारा अडखळतो. ‘पौंड वजन’ असं पहिल्यांदा लिहा, मग रकान्याच्या डोक्यावर लिहा, प्रत्येक ओळीत लिहायची गरजच नाही. मूळ वहीतही त्याने डोक्यावरच लिहिलंय की.

---

शिवणवाली_ज्योती

मला दोन्ही चालेल पण वार मात्र वारच ठेवा, यार्ड करू नका. आणि किलो-मीटरमध्ये पण बदलू नका हं. ४ वार, पाऊण वार आणि २ नेल यात कापणाऱ्या माणसाचा हात दिसतो, साडेचार मीटरच्या आसपास लिहिलं की काहीच दिसत नाही.

---

वहीतला_किडा

बदलायचं नाहीच. बदललं की गुणाकारही तपासता येत नाही, कारण भाव जुन्या मापाचा आणि माल नव्या मापाचा. मापांची एक छोटी टीप शेवटी द्या, पानात नको. रत्तल की पौंड हे काकांना विचारा, निनादचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण मी रत्तल लिहिलं असतं.

---

मंजिरी_द

काकांना विचारलं, ते म्हणाले आधी दोन्ही प्रकारे पाठव. आता हे बघा, रत्तलवाली प्रत:

जॉन यांचे खाते [नावापुढचे आडनाव वाचता आले नाही]
नावे: दोर, १ हंड्रेडवेट २ क्वार्टर १४ रत्तल, दर ५६ शि., ४ पौं. ११ शि. ० पे.
नावे: वरीलप्रमाणे, ० हंड्रेडवेट ३ क्वार्टर ७ रत्तल, दर ५६ शि., २ पौं. ५ शि. ६ पे.
नावे: दहा-पेनी नंबराचे खिळे, ६ रत्तल, दर ३½ पे., १ शि. ९ पे.
नावे: कॅनव्हास, ४ वार ३ पाव-वार २ नेल, दर ८ पे., ३ शि. ३ पे.
नावे: पितळी स्क्रू, अर्धा ग्रोस, डझनाला ४ पे., २ शि.
[ओळीवर रेघ; वर नंतर लिहिलेले: परत] नावे: फावडे १, ३ शि. ६ पे.
बेरीज [खोडलेली] ७ पौं. ७ शि. ० पे.
बेरीज ७ पौं. ३ शि. ६ पे.
[पूर्ण पानावर वेगळ्या शाईने फुली, खाली: चुकते]

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टीओ होतं, ते मी आधी ‘ला’ केलं होतं, दोराला, खिळ्यांना असं. मग लक्षात आलं की आपल्याकडे जमा-नावे आहेच. बरोबर आहे ना?

---

वहीतला_किडा

नावे एकदम बरोबर. जमेच्या बाजूला बीवाय येईल. ‘पाव-वार’ पण छान केलंत, वजनाच्या क्वार्टरशी गल्लत होणार नाही. एकच दुरुस्ती, दोराच्या भावापुढे त्याने ‘हंड्रेडवेटला’ असं लिहिलेलं नाही, आपण गुणाकाराने काढलंय. तुम्हीही लिहिलं नाहीत ते चांगलं, पण स्क्रूला ‘डझनाला’ लिहिलंय. मूळ पानावर डझन हा शब्द आहे का?

---

मंजिरी_द

नाहीये. नुसतं ४डी. मग तो शब्द कंसात टाकते, आपण घातलेला म्हणून.

आता शेवटचा फोटो, सहावा. हे खातं नाही, भावाची यादी आहे. मालाचं नाव, विक्रीचा भाव, आणि त्याच्या शेजारी नुसती अक्षरं. खिळे ३½, शेजारी ए. कॅनव्हास ८, शेजारी एस. फावडं ३/६, शेजारी यू/एक्स. हे काय संक्षेप आहेत?

---

सुहास_पु

हे मला माहितेय, हे संक्षेप नाहीत, खरेदीचा गुप्त भाव आहे. दुकानदार दहा वेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवायचा, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत शेवटचं शून्य. गिऱ्हाइकासमोर यादी उघडी ठेवली तरी त्याला कळायचं नाही. इंग्रजीत कंबरलँड हा शब्द यासाठी चालायचा, ब्लॅकहॉर्स पण. लावून बघा.

---

निनाद_क

लावलं. कंबरलँडमध्ये एस नाहीच, बाद. ब्लॅकहॉर्समध्ये ए म्हणजे ३, खिळे ३ ला घेऊन साडेतीनला विकले, छान बसतं. पण एस म्हणजे ९. कॅनव्हास ९ ला घेऊन ८ ला विकला? आणि यू तर त्यात नाहीच.

---

वहीतला_किडा

मग दोन्ही नाहीत. एक्सबद्दल जपून, तो कधीकधी ‘मागचाच आकडा परत’ म्हणून घालायचे, शब्दातलं अक्षर असेलच असं नाही. यादीत एकूण वेगळी अक्षरं किती आहेत मंजिरीताई? अकरापेक्षा जास्त निघाली तर हा सगळा विचारच चुकीचा.

---

मंजिरी_द

मोजली, आठ. पण यादीचा खालचा कोपरा फाटलाय, तिथे आणखी असतील. तीन ठिकाणी अक्षर खोडून दुसरं लिहिलंय, विक्रीचा भाव मात्र तसाच ठेवलाय.

---

सुहास_पु

म्हणजे खरेदी महागली पण त्याने विकायचा भाव वाढवला नाही?

---

वहीतला_किडा

किंवा स्वस्त झाली. शब्द सापडल्याशिवाय ते सांगता येणार नाही. आत्ता अक्षरं आहेत तशीच ठेवा, खोडलेली आणि नवी दोन्ही, त्याच क्रमाने, आणि खाली ‘खरेदीचा गुप्त भाव असावा’ एवढंच लिहा. काकांकडे वहीची आणखी पानं असतील तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा फोटो मागवा, तिरपा उजेड टाकून. कधीकधी तिथे पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

---

मंजिरी_द

मागवलाय, रविवारी पाठवतो म्हणाले. आला की इथेच टाकते.